डिसोल्यूशन चाचणी: काढलेल्या 10 मिलीचा हिशेब

कोल्हापुरात बी. फार्म. करत असताना गोळीतील औषध ठरलेल्या वेळेत किती विरघळते हे पाहणारे डिसोल्यूशनचे प्रात्यक्षिक मला सोपे वाटे. पुढे गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिली चूक मात्र याच चाचणीत झाली.

पॅरासिटामॉल 500 मिग्रॅच्या सहा गोळ्या होत्या. प्रत्येक व्हेसलमध्ये pH 5.8 चे 900 मिली फॉस्फेट बफर, पॅडलचा वेग मिनिटाला 50 फेरे आणि पॅडलपासून तळापर्यंतचे अंतर 25 मिमी, अशी मांडणी होती. तापमान 37 अंश हवे, आणि ते व्हेसल ज्यात ठेवतात त्या गरम पाण्याच्या बाथच्या पडद्यावरचे नव्हे तर व्हेसलमधील द्रवाचे पाहावे, कारण द्रव बाथपेक्षा उशिरा तापतो. बफरमधील हवा आधी काढली नाही तर गोळीला बुडबुडे चिकटतात आणि ती तळाशी स्थिर राहत नाही.

प्रत्येकी 10 मिलीचे सॅम्पल 5, 10, 15 आणि 30 मिनिटांना घ्यायचे होते. वेळेत दोन टक्क्यांचीच सूट असल्यामुळे पाचव्या मिनिटाच्या सॅम्पलला पुढेमागे जेमतेम सहा सेकंद मिळतात. मी एकेका मिनिटाच्या अंतराने गोळ्या टाकायचे ठरवले होते, पण तसे केले असते तर सहावी गोळी टाकण्याच्या क्षणीच पहिल्या व्हेसलचे सॅम्पल घ्यावे लागले असते. वरिष्ठ मॅडमनी ते अंतर 30 सेकंदांवर आणायला लावले. सॅम्पल द्रवाचा पृष्ठभाग आणि पॅडलचा वरचा काठ यांच्या मध्यावरून, काचेपासून किमान 1 सेमी आत सुई धरून घ्यावे आणि लगेच गाळावे. न विरघळलेला कण सोबत आला तर तो सिरिंजमध्ये विरघळतच राहतो.

चूक झाली ती गणितात. पहिल्या व्हेसलच्या चार सॅम्पलमध्ये स्टँडर्डशी तुलना करून आणि 50 पट डायल्यूशन धरून औषधाचे प्रमाण अनुक्रमे 0.30, 0.40, 0.45 आणि 0.50 मिग्रॅ प्रति मिली आले. आधीच्या तीन सॅम्पलमधून 3, 4 आणि 4.5, म्हणजे एकूण 11.5 मिग्रॅ औषध बाहेर गेले होते. कॉलेजच्या सवयीने मी हिशेब असा मांडला:

```
(0.50 × 900 + 11.5) ÷ 500 × 100 = 92.3 %
```

हे सूत्र प्रत्येक वेळी काढलेल्या 10 मिलीच्या जागी तेवढेच गरम ताजे बफर घातले असेल तरच लागू पडते. मी ते घातलेच नव्हते, त्यामुळे शेवटच्या सॅम्पलच्या वेळी व्हेसलमध्ये 870 मिलीच उरले होते:

```
(0.50 × 870 + 11.5) ÷ 500 × 100 = 89.3 %
```

तीन टक्क्यांचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण येथे Q, म्हणजे ठरलेल्या वेळेत विरघळायला हवे ते औषधाचे प्रमाण, 80 टक्के असल्याने पहिल्या टप्प्यात सहाही गोळ्या त्याहून पाच टक्के जास्त, म्हणजे प्रत्येकी किमान 85 टक्के विरघळायला हव्या होत्या. चौथ्या व्हेसलची गोळी माझ्या आकडेमोडीत 86.4 टक्क्यांवर उत्तीर्ण झाली होती. दुरुस्त हिशेबात ती 83.6 वर आली आणि दुसऱ्या टप्प्याच्या सहा गोळ्यांसाठी त्याच संध्याकाळी आम्हाला बाथ पुन्हा लावावा लागला.