या चुका टाळा : क्रेडिट कार्डच्या पॉइंटचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून भाव काढताना

पॉइंट वटवायची वेळ आली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. कार्डच्या अ‍ॅपमध्ये शिरून बिलात जमा, व्हाउचर, वस्तू आणि विमान तिकीट अशा चार पानांचे स्क्रीनशॉट काढायचे, ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि जिथे आकडा मोठा दिसेल तिकडे जायचं. पद्धत चांगली आहे. चूक होते ती आकडा वाचण्यात, कारण स्क्रीनवर दिसणारा रुपयांचा आकडा बँकेने लावलेली किंमत असते. आपल्याला हवा असतो तो आपल्या खिशातून वाचणारा पैसा, आणि या दोन आकड्यांत बरंच अंतर पडू शकतं.

दोन वर्षांपूर्वी मी १६,००० पॉइंट देऊन एक मिक्सर घेतला. पानावर किंमत ७,९९९ रुपये होती, म्हणजे पॉइंटला ५० पैसे पडले असं समजून मी खूश होतो. आठवड्याने तोच मिक्सर, त्याच मॉडेल क्रमांकाचा, बाजारात ४,६५० रुपयांना दिसला. फार वाईट वाटलं, कारण त्या पॉइंटमागे जवळपास वर्षभराचा किराणा आणि पेट्रोल होतं. तेव्हापासून घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यांच्या कार्डांचा हिशेब मी एकाच सूत्राने करतो:

```
पॉइंटचा भाव = (बाहेर लागले असते ते पैसे − इथे भरावे लागणारे पैसे − शुल्क) ÷ पॉइंट
```

पहिली जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे छापील किंमत भरायची नाही. तीच वस्तू किंवा तेच तिकीट पॉइंटशिवाय घेतलं असतं तर आज प्रत्यक्ष किती पैसे गेले असते, तो आकडा भरायचा.

चूक पहिली : स्क्रीनशॉट फार लवकर काढणे

यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट निम्मीच गोष्ट सांगतो. तिथे पॉइंट दिसतात, पण वटवण्याचं शुल्क दिसतंच असं नाही. अनेक कार्डांवर दर वेळी ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. हे शुल्क कधी शेवटच्या पानावर दिसतं, कधी फक्त नियमांच्या बारीक अक्षरांत असतं, आणि पुढच्या बिलात येतं तेव्हा आपण ते विसरलेलो असतो.

म्हणून ओटीपी टाकण्याआधीच्या अगदी शेवटच्या पानापर्यंत जा आणि स्क्रीनशॉट तिथे काढा. पॉइंट, रोख रक्कम, शुल्क आणि वरची वेळ एकाच चित्रात यायला हवी. पान मोठं असेल तर दोन चित्रं काढा, पण खालचा भाग कापू नका. तिथून मागे फिरलात तर सहसा काहीच वजा होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. नियमांच्या पानावर शुल्काची ओळ सापडली तर तिचाही स्क्रीनशॉट सोबत ठेवा.

शुल्क ठरावीक असल्यामुळे थोडे पॉइंट वटवणं महागात पडतं. २० पैसे दराने २,००० पॉइंट वटवले तर ४०० रुपये येतात आणि त्यातले जवळपास ११७ शुल्कातच जातात. १६,००० पॉइंटवर तेच शुल्क फारसं जाणवत नाही. त्यामुळे ‘एका पॉइंटला किती’ हा प्रश्न मोघम विचारू नका. जेवढे पॉइंट खरोखर वटवणार आहात, तेवढ्यांचाच हिशेब करा.

चूक दुसरी : दुसऱ्याच्या कार्डचा स्क्रीनशॉट आपल्याला लावणे

नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणी ‘एका पॉइंटला एक रुपया’ असं चित्र टाकतो आणि आपण आपल्या पॉइंटला तोच भाव धरतो. दर बँकेप्रमाणे बदलतो, शिवाय एकाच बँकेच्या दोन कार्डांतही बदलतो. एसबीआयच्या अनेक कार्डांवर चार पॉइंटला एक रुपया मिळतो. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डावर बँकेच्या पोर्टलवरून विमान तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर एका पॉइंटला एक रुपया धरतात, पण तेच पॉइंट बिलात जमा केले तर ३० पैसे. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच कार्डावर तिपटीहून जास्त फरक. हे दर बँका बदलत राहतात, म्हणून जुना स्क्रीनशॉट, स्वतःचा असला तरी, पुन्हा काढा.

मांडणीही फसवते. एका पानावर ‘१०० पॉइंट = २० रुपये’, दुसऱ्यावर ‘४ पॉइंट = १ रुपया’, तिसऱ्यावर ‘५० पैशांपर्यंत’. तिन्ही आधी पैशांत आणा: २०, २५ आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की ५० हा कमाल आकडा समजायचा. तुमच्या निवडीला तो लागू आहे की नाही, हे शेवटचं पानच सांगतं.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

गेल्या महिन्यात माझ्या मेहुणीकडे १६,००० पॉइंट होते आणि पुणे-दिल्ली प्रवास ठरलेला होता. तिने चार स्क्रीनशॉट पाठवले.

पहिला बिलात जमा करण्याचा: १६,००० पॉइंटचे ३,२०० रुपये. शुल्क वजा करून ३,०८३ उरतात, म्हणजे पॉइंटला १९.३ पैसे. इथे आणखी काही तपासायचं नसतं, कारण हे सरळ पैसे आहेत. म्हणून हाच आपला पाया. याच्या खाली जाणारा कोणताही पर्याय घ्यायचा नाही.

दुसरा खरेदीच्या व्हाउचरचा: १४,२८६ पॉइंटला ५,००० रुपयांचं व्हाउचर. भागाकार केला तर ३५ पैसे. पण तेच व्हाउचर दुसरीकडे ४ टक्के सवलतीत, म्हणजे ४,८०० रुपयांना मिळत होतं. मग ते तिच्यासाठी ५,००० चं कसं धरायचं? ४,८०० मधून शुल्क वजा केलं की ४,६८३ राहतात आणि भाव ३२.८ पैसे येतो. हेही त्या दुकानात तिची खरेदी नेहमीचीच असते म्हणून. नाहीतर आणखी कमी धरलं असतं.

तिसरा वस्तूंच्या पानाचा, आणि योगायोगाने त्यात माझाच मिक्सर होता. छापील ७,९९९, बाजारात ४,६५०, शुल्क वजा जाता ४,५३३. पॉइंट १६,००० धरले की २८.३ पैसे. ५० पैशांचा आभास छापील किमतीने निर्माण केला होता.

चौथा विमानाचा. पोर्टलवर तिकीट ८,४६० रुपयांचं, आणि निम्मी रक्कम पॉइंटने भरता येत होती: ८,४६० पॉइंटचे ४,२३० रुपये, उरलेले ४,२३० रोख. पॉइंटला ५० पैसे, वेगळं शुल्क नाही. दिसायला हा पर्याय कितीतरी पुढे होता. मी तिला त्याच क्षणी विमान कंपनीच्या साइटवर तीच फ्लाइट उघडायला सांगितली. सगळं धरून ७,७९० रुपये. म्हणजे तिचे खरे वाचले ७,७९० वजा ४,२३०, एवढेच ३,५६० आणि भाव ४२.१ पैसे. शिवाय त्या साइटवर तिच्या कार्डाला ४०० रुपयांची सूट होती, ती धरली तर ३७.४ पैसे.

तरीही विमानच पुढे राहिलं, आणि तिचे ७,५४० पॉइंट शिल्लक राहिले. पण ३७ आणि ३३ यांतलं अंतर किती थोडं आहे पाहा. विमान कंपनीकडे तेच तिकीट ६,९०० ला मिळालं असतं तर भाव ३१.६ पैशांवर आला असता आणि व्हाउचर सरस ठरलं असतं. स्क्रीनवरचे ५० पैसे मात्र दोन्ही वेळा तेच दिसले असते.

चूक तिसरी : विमानाची तुलना वेगळ्या तिकिटाशी करणे

विमानाचा स्क्रीनशॉट लवकर शिळा होतो. सकाळचं पोर्टल आणि रात्रीची कंपनीची साइट अशी तुलना करू नका. दोन्ही पानं पाच-दहा मिनिटांत उघडा आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत न्या. कन्व्हीनियन्स फी तिथेच दिसते. फ्लाइट क्रमांक, सामानाची मर्यादा आणि रद्द करण्याचे नियम सारखे आहेत का तेही पाहा. सामानाशिवायचं स्वस्त तिकीट एकीकडे आणि १५ किलोचं दुसरीकडे असेल तर तुलनेला अर्थ राहत नाही.

एअरलाइनच्या माइल्समध्ये, म्हणजे विमान कंपनीच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये, आपले पॉइंट वळवण्याचा पर्याय दिसला तर तो या तुलनेत बसवू नका. त्या माइल्सचा भाव कोणत्या दिवशी कोणती सीट मिळते यावर ठरतो आणि एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. नेमकी सीट समोर दिसत असेल तरच तिची रोख किंमत घेऊन वेगळा हिशेब मांडा.

आकडे जुळत नसतील तर

शिल्लक पॉइंट अ‍ॅपमध्ये एक आणि बिलात दुसरे दिसत असतील तर तारीख पाहा. बिलावर ते तयार झालेल्या दिवसाची शिल्लक असते. अलीकडच्या खरेदीचे पॉइंट कधी व्यवहार पक्का झाल्यावर, तर कधी पुढच्या बिलासोबतच जमा होतात.

भाव अपेक्षेपेक्षा फारच खाली आला तर बहुतेक वेळा दोन गोष्टींपैकी एक घडलेली असते. एकतर रोख भरायचे पैसे वजा करताना तेच पुन्हा शुल्क म्हणून वजा झाले, किंवा पॉइंटचा आकडा पूर्ण शिल्लक धरला गेला आणि प्रत्यक्षात कमी वापरले होते. वरच्या उदाहरणात विमानाला १६,००० ने भागलं असतं तर भाव २२ पैसे आला असता आणि चांगला पर्याय हातचा गेला असता.

पॉइंट वजा झाले पण व्हाउचर आलं नाही, असंही होतं. लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका, नाहीतर पॉइंट दोनदा जातील. स्पॅम फोल्डर आणि अ‍ॅपमधला ऑर्डरचा इतिहास पाहा, ऑर्डर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तो देऊन कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर तक्रार करा.

बिलात जमा घेतलं असेल तर एक खबरदारी. बऱ्याच कार्डांच्या नियमांत ही रक्कम किमान देय भरल्यात धरत नाहीत. जमा झाले म्हणून किमान देय भरणं चुकवलंत तर उशिराचा दंड आणि व्याज लागेल, आणि १९ पैशांचा तो भावही हाती राहणार नाही.

आणि कोणाला हिशेबासाठी स्क्रीनशॉट पाठवताना कार्डाचे आकडे, ईमेल, मोबाईल नंबर आणि व्हाउचरचा कोड व पिन झाकूनच पाठवा. माझ्या मेहुणीने पहिल्या खेपेला जुन्या व्हाउचरचं पान तसंच पाठवलं होतं, कोडसकट. कोड कोणीही वाचून वापरू शकतो. मी ते चित्र लगेच पुसायला लावलं आणि कोड वापरून टाकायला सांगितलं.