लिननच्या काठाला धागे काढून हेमस्टिच करताना या चुका टाळा

लिननच्या काठालगतचे काही धागे काढून, उरलेल्या धाग्यांच्या जुड्या बांधत दुमड शिवण्याच्या या कामात बहुतेक बिघाड टाक्यांमुळे होत नाहीत. कात्री कुठे लावली आणि धागे मोजले की नाही, यावरच ते ठरतात. म्हणून इथे तयारीतल्या चुकांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी इंचाला 28 धागे, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे 11 धागे असलेल्या लिननचा, तयार झाल्यावर 40 सेंटिमीटर भरणारा चौकोनी रुमाल घेऊ. काठाची दुमड 2 सेंटिमीटर रुंद ठेवायची असेल, तर पहिल्या अरुंद घडीसाठी 1 सेंटिमीटर धरून कापड 46 सेंटिमीटरचे कापावे लागते, आणि धागे काढायची पट्टी कापलेल्या कडेपासून 5 सेंटिमीटर आत सुरू होते. कापड आधी धुऊन घ्यावे, कारण लिनन आटते आणि काम झाल्यावर आटले तर काठ ओढला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे धागा कोपऱ्यात कापणे किंवा कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून काढणे. पहिल्या प्रकारात टोक इतके आखूड राहते की ते निसटते आणि कोपरा उसवतो. दुसऱ्या प्रकारात मोकळी पट्टी थेट दुमडीत शिरून ती कमकुवत करते. त्याऐवजी प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकच धागा कापावा, बोथट सुईने तो दोन्हीकडे उसवत, दोन बाजूंच्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यातल्या चौकोनाच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावा आणि तिथे त्याची शेपटी तशीच राहू द्यावी. या शेपट्या नंतर उलट बाजूला वळवून दुमडीच्या घडीत दडवल्या, की टाके त्यांना धरून ठेवतात. पट्टीसाठी चार धागे काढायचे असले, तरी चारही एकाच वेळी कापू नयेत. पहिला धागा निघाला की पुढच्यांना सरळ रेषा मिळते, आणि चुकून शेजारचा धागा कापला जाण्याची भीती राहत नाही.

धागा काढताना लांबच लांब खेचला, तर लिननमधल्या जाड-बारीक जागांपाशी तो अडकतो, कापडाच्या चुण्या पडतात आणि धागा तुटतो. पाच-सहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी सुईच्या टोकाने तो वर उचलत जावे. मधेच तुटला, तर कापडाखाली काळा कागद ठेवावा, म्हणजे त्याचे टोक सहज सापडते. नको तो धागा कापला गेला, तर कापडाच्या कडेतून एक लांब धागा काढून सुईत ओवावा आणि तुटलेल्या धाग्याच्या वाटेनेच वर-खाली विणत न्यावा. दोन्हीकडे 3 सेंटिमीटर जुन्या धाग्यावर चढवला, की डाग लपतो. यासाठीच काढलेले धागे काम संपेपर्यंत टाकून देऊ नयेत.

आता मोजणी. कोपऱ्यातल्या दोन मोकळ्या चौकोनांमधले उभे धागे मोजल्याशिवाय पहिला टाका घालू नये. चार-चारच्या जुड्या बांधायच्या ठरवल्या आणि मोजणी 390 निघाली, तर चारने भागून 2 उरतात. ते शेवटी लक्षात आले, तर कोपऱ्यालगत दोनच धाग्यांची केविलवाणी जुडी उरते. आधी कळले, तर 96 जुड्या चारच्या आणि दोन जुड्या तीनच्या करता येतात. त्या दोन्ही कोपऱ्यांजवळ एकेक ठेवल्या, तर नजरेत येत नाहीत. पुढे जुड्या अर्ध्यावर विभागून नागमोडी नक्षी करायची असेल, तर मात्र तीनची जुडी चालणार नाही; तिथे एक जुडी सहाची करावी.

टाके उलट बाजूने, डावीकडून उजवीकडे घालतात. सुई जुडीखालून उजवीकडून डावीकडे काढून दोरा घट्ट करायचा, मग जुडीच्या उजवीकडून मागे नेऊन दुमडीच्या कडेत, पट्टीपासून दोन धागे आत वर काढायची. दुमडीची घडी पट्टीच्या अगदी कडेला टेकलेली असावी. ती पट्टीवर चढली, तर जुड्यांची मुळे झाकली जातात. सुलट बाजूला टाके दोन धाग्यांच्या उंचीचे, एका रेषेत दिसले पाहिजेत. तसे न दिसले, तर सुई कमी-जास्त खोल जाते आहे असे समजावे. काठ लाटांसारखा दिसू लागला, तर जुडी नव्हे, दुमडीतला टाका जास्त ओढला जातो आहे. जुडीभोवतीचा वेढा घट्ट असावा, पण दुमडीतला टाका दोरा नुसता बसेल इतकाच ओढावा. दर दहा टाक्यांनी कापड उलटून पाहिले, तर उसवावे लागणारे टाके दहाच असतात.