कॉटचा दर ठरवताना एसी वेगळा काढा

गोव्यात कुठ्ठाळीला मी साताऱ्याहून आले त्याला 14 वर्षं झाली. वेर्ण्याच्या कारखान्यांत कामाला येणारी आपली मुलं मी पीजी म्हणून ठेवते. गावाकडची नवीन कुटुंबं हाच धंदा सुरू करताना मला विचारतात, "जेवण-लाईट धरून दर सांगू का?" जेवण धरा. पंखा, दिवे, पाणी धरा. एसी कधीही धरू नका.

माझी चूक सांगते. दोघांच्या खोलीत मी विजेचे प्रत्येकी 600 रुपये दरातच धरले होते, म्हणजे खोलीचे 1200. हिशोब रात्रीच्या नऊ तासांचा होता. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणून महिन्याला 270 युनिट. पण एक मुलगा दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. एक उठला की दुसरा झोपायला यायचा, एसीला विश्रांतीच नाही. एप्रिलमध्ये त्या खोलीत साडेपाचशे युनिट जळले. गोव्यातही युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. सरासरी 6 रुपये धरले तरी 3300 झाले, म्हणजे एका खोलीत महिन्याला 2100 रुपये खिशातून. मेमध्येही तेच. मुलांची चूक नव्हती, मी दर ठरवून दिला होता आणि वर्षभर तो मोडता येत नव्हता.

आता प्रत्येक खोलीच्या एसीला सब-मीटर आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. मुलगा आला त्या दिवशी आणि दर 1 तारखेला त्याच्यासमोर रीडिंगचा फोटो काढा. मुख्य बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, एवढाच दर लावा आणि बिल भिंतीवर चिकटवा. वर एक रुपयाही ठेवू नका. आपली माणसं पैसे द्यायला कुरकुरत नाहीत, पण लपवलेल्या रुपयाने कायमची बिथरतात. एक मुलगा पंधरा दिवस गावी गेला असेल, तर कोण किती रात्री खोलीत झोपला, त्या हिशोबाने युनिट वाटा.

जेवण मात्र दरातच ठेवा, कारण सहा जणांचं रांधा की चौघांचं, गॅस आणि मावशींचा पगार तेवढाच. सुट्टीची वजावट हवी असेल तर दोन दिवस आधी सांगायचं आणि फक्त शिध्याचे पैसे परत, असं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. चतुर्थीला सगळे एकदम गावी जातात, तेव्हा याच ओळीवरून भांडणं होतात. "रोज मासे" असं कबूल करू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बांगडासुद्धा परवडत नाही. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे अंडी, सुकी सुंगटं आणि कडधान्यांची उसळ.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, ते विसरू नका.

गीझर मी दरातच ठेवलाय, पण त्याचं बटण सकाळी सहा ते आठच चालू.