केस गळतायत, लोहाची गोळीही चालू आहे, तरी फरक नाही? या चुका टाळा

चिकोडी भागातल्या एक शिक्षिका गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या. वय 34, वजन 54 किलो, जैन घर, जन्मापासून शाकाहारी. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवसांचे गळलेले केस जपून आणले होते. पहिलंच वाक्य होतं, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणतात, तीन महिने लोहाची गोळी पण घेतली, मग केस थांबत का नाहीत हो?"

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून आहारासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हाच प्रश्न सगळ्यात जास्त असतो. बहुतेकींचं जेवण वाईट नसतं. गडबड असते रिपोर्ट वाचण्यात आणि गोळीच्या वेळेत. म्हणून या बाईंचंच उदाहरण नीट सांगते.

पहिली चूक: हिमोग्लोबिन बघून थांबणं

त्यांचं हिमोग्लोबिन 12.2 होतं. बायकांसाठी 12 च्या वर म्हणजे ठीक, म्हणून त्यांना "रक्त चांगलं आहे" असं सांगितलं गेलं. पण शरीर लोह आधी रक्तासाठी वापरतं. कमी पडलं की साठ्यातलं काढतं, आणि साठा संपत आल्यावर मग हिमोग्लोबिन उतरतं. केसांची मुळं त्याआधीच उपाशी राहू शकतात. साठा कळतो तो फेरिटिन या तपासणीतून. त्यांचं फेरिटिन होतं 11.

त्या कागदावर लॅबने छापलेली मर्यादा 10 पासून सुरू होत होती. त्यामुळे 11 हा आकडा ठळक छापला नव्हता, पुढे खूणही नव्हती, आणि कोणाचं लक्षच गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसात 15 च्या खाली लोहाची कमतरता धरते. केसांसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ 30-40 च्या वर तरी हवं असं मानतात. नेमका आकडा किती यावर त्यांच्यात एकमत नाही, पण 11 पुरेसं आहे असं कोणी म्हणणार नाही.

फेरिटिन ताप, संसर्ग किंवा सूज असताना खोटं वाढलेलं दिसतं. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेल्यावर लगेच तपासू नका, काही आठवडे जाऊ द्या. शिवाय मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस तसेही भरपूर गळतात. ते बहुधा आपोआप थांबतं, त्यात लोहाचा दोष असेलच असं नाही.

याच वेळी थायरॉइड (टीएसएच), बी-12 आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्यावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून ते काही दिवस थांबवून मग रक्त द्यायला सांगतात. बायोटिनची खरी कमतरता तशी फार क्वचित असते.

दुसरी चूक, आणि हीच मोठी: गोळी चुकीच्या वेळी

मी त्यांना गोळी कधी घेता ते विचारलं. "रात्री जेवल्यावर, दुधासोबत. पोटाला त्रास नको म्हणून." मधले काही दिवस सकाळी चहाबरोबर घेऊन बघितली होती. म्हणजे तीन महिने गोळी पोटात गेली, पण तिच्यातलं लोह रक्तात फार थोडं गेलं.

धान्य-डाळींतलं आणि गोळीतलं लोह आतड्यात शोषलं जाणं मुळात अवघड असतं. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक त्याला बांधून टाकतात. दुधातलं कॅल्शियम आडवं येतं. भाकरी, चपाती आणि डाळीत फायटेट असतं, तेही लोह धरून ठेवतं. म्हणून ही गोळी घ्यायची रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्यासोबत. अर्ध्या लिंबाचं पाणी असेल तर आणखी बरं, कारण क जीवनसत्त्व शोषणाला मदत करतं. चहा-कॉफीत आणि गोळीत निदान एक तास, जमलं तर दोन तास अंतर ठेवा. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीतही दोन तास. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तास. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लोहही कमी शोषलं जातं.

बाईंच्या घरी चातुर्मासात सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, तेव्हा रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्याय त्यांना कायमचा उपयोगी नव्हता. त्यांचा सकाळचा क्रम आम्ही कागदावर मांडला. साडेसहाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन, सातला चहा, साडेआठला पोहे किंवा उप्पीट आणि पुन्हा चहा, सव्वानऊला शाळेची बस. त्यात बदल एकच केला. दर्शनाहून आल्यावर सातला गोळी आणि लिंबूपाणी, पहिला चहा बंद, चहा-नाष्टा एकदम साडेआठला. तिथी पाळायच्या दिवशी लिंबू नाही, नुसतं पाणी. त्यानेही काम होतं, लिंबू नाही म्हणून गोळी चुकवायची नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांना मळमळायला लागलं. इथेच बहुतेक जणी गोळी सोडतात. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, गोळीसोबत एखादं केळं किंवा मूठभर चुरमुरे. थोडं लोह कमी शोषलं जाईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. दुसरी, त्यांच्या डॉक्टरांना विचारून रोजच्या ऐवजी एक दिवसाआड गोळी. लोह घेतलं की शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाचं दार लोटून ठेवतं. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं होतं. मात्र गरोदर बाई किंवा हिमोग्लोबिन खूप उतरलेलं असेल तर डॉक्टर सांगतील तसंच घ्यायचं, मनाने दिवस गाळायचे नाहीत.

गोळीवर "एलिमेंटल आयर्न" किती लिहिलंय ते बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम असतं, दुकानातल्या बऱ्याच गोळ्यांत 100. जास्त आकडा म्हणजे लवकर गुण असं नाही, मळमळ मात्र वाढते. शौचाला काळं होणं नेहमीचं आहे, घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि ही गोळी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मुलांना लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.

तिसरी चूक: गूळ, खजूर, बीट यांवर विसंबणं

बीटाचा रंग लाल, म्हणून रक्त वाढतं असं घरोघरी ऐकते. बीटात लोह फारसं नसतं. गुळाच्या खड्यातून आणि दोन खजुरांतून मिळतं तेही थोडंच. पालकात लोह दिसतं, पण त्यातलं फार कमी अंगी लागतं. आपल्याकडचे हुलगे, मटकी, हरभरे हे याहून कामाचे. ते रात्रभर भिजवून ते पाणी फेकून शिजवले तर फायटेट कमी होतं, मोड आणले तर आणखी. बाईंच्या घरी मोड आलेलं चालत नव्हतं, म्हणून भिजवूनच. हुलग्याच्या कटावर लिंबू पिळायला सांगितलं, आणि दुपारच्या जेवणाला लागून चहा नको.

चौथी: "आम्ही डाळ रोज खातो की"

प्रथिनांचा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम. 54 किलोला सुमारे 45 ग्रॅम. त्यांच्या दिवसात किती होतं? नाष्ट्याचे पोहे 4, दुपारच्या दोन ज्वारीच्या भाकरी 10, वाटीभर आमटी 3, भाजी 2, संध्याकाळचा भात-आमटी 7, दह्याची छोटी वाटी 3, चहातलं दूध 3. एकूण 32. पातळ आमटीच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम 15 ग्रॅम असते, हे त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी घरी डाळ मोजून बघितली आणि मला फोन केला.

उरलेले 13 ग्रॅम भरायला पावडरीचा डबा लागला नाही. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, भाजलेल्या शेंगा शाळेच्या मधल्या सुट्टीत, त्यातून 7-8 ग्रॅम. आणि एका जेवणाला आमटीऐवजी घट्ट उसळ किंवा झुणका. बस.

बी-12 मात्र डाळ-शेंगांत नाही. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच येतं. गरज दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम, आणि पाव लिटर दुधातून साधारण 1 मिळतं, म्हणजे चहातलं दूध कुठेच पुरत नाही. बाईंचं बी-12 कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्याने केस थांबतील असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण तसा भक्कम पुरावा नाही. पण नसांसाठी ते भरून काढावंच लागतं.

गोळी घेण्याआधी कोणी थांबायचं

टक्कल गोल चकत्यांनी पडत असेल, भांग रुंद होत चालला असेल, डोक्यात खवले किंवा जखमा असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, कमी पण फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो, तिथे लोह उगाच चढवू नका. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बाईमध्ये फेरिटिन कमी निघालं तर ते लोह कुठे वाहून जातंय, हे आधी शोधावं लागतं. आपल्या बाईंच्या बाबतीत सात दिवस चालणारी जड पाळी हे कारण निघालं, त्यांनी आजवर कोणाला ते सांगितलंच नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तीन महिन्यांनी फेरिटिन 11 वरून 29 झालं. गळती तेव्हा जेमतेम कमी झाली होती. केस मुळाशी विश्रांतीला गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतो, त्यामुळे आज सुधारलेलं रक्त केसांत उशिरा दिसतं. दिवसाला 50 ते 100 केस जाणं तर नेहमीचंच, म्हणून पिशवीत केस जमवणं बंद करायला सांगितलं. पाचव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा कपाळालगत बोटाच्या पेराएवढे आखूड, उभे राहणारे नवे केस होते. गोळी अजून चालू आहे. जूनमध्ये पुन्हा फेरिटिन बघायचं, आणि ते 40 च्या वर टिकलं तर गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.