भारतात फुकट जाणारी ट्रॉली युरोपात ७५ युरोंना पडते: या चुका टाळा

गेल्या वर्षी आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे डब्लिनला आले, तेव्हा बार्सिलोनाला जायचं ठरलं. तिकीट रायनएअरचं, स्वस्तातलं. आईने मुंबईहून आणलेली केबिन ट्रॉली भरायला घेतली. "एवढी तर विमानात चालतेच ना!" असं तिचं म्हणणं. पहिली चूक इथेच होते.

भारतात इंडिगोसारख्या कंपनीच्या साध्या तिकिटात ७ किलोंची केबिन बॅग धरलेली असते, माप ५५×३५×२५ सेंटीमीटर. त्यामुळे आपल्याला धास्ती असते ती वजनाची. रायनएअरच्या मूळ भाड्यात मात्र फक्त सीटखाली मावणारी छोटी बॅग बसते, ४०×३०×२० सेंटीमीटरची. म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी. ट्रॉलीचे पैसे वेगळे.

दुसरी चूक पैसे भरूनही होते, आणि ती जास्त लागते. 'प्रायॉरिटी' घेतली की १० किलोंची दुसरी बॅग नेता येते, पण तिचं माप ५५×४०×२०. उंचीत, रुंदीत आपली ट्रॉली बसते, जाडीत अडकते. मी आईची ट्रॉली टेपने मोजली तर बंद असताना २५ भरली आणि पुढच्या कप्प्यात स्वेटर कोंबल्यावर २७. गेटजवळच्या मापाच्या चौकटीत ती कधीच उतरली नसती. चाकं आणि हँडलही मापात धरतात, म्हणून लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. बॅग भरा, भिंतीला टेकवून उभी करा आणि मग मोजा.

गेटवर बॅग मोठी निघाली तर ७५ युरोंपर्यंत भरावे लागतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. अशी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी प्रत्येक बॅगेमागे बोनस देते, नोव्हेंबर २०२५ पासून अडीच युरो.

जाड ट्रॉली न्यायचीच असेल तर ती २० किलोंची चेक-इन बॅग म्हणून तिकिटासोबतच घ्या. गेटवरच्या दंडापेक्षा ते बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं. ती मात्र बॅग ड्रॉप काउंटरवर द्यायची आणि काउंटर उड्डाणाच्या ४० मिनिटं आधी बंद होतो. उशीर झाला म्हणून ट्रॉली तशीच गेटपर्यंत ओढत नेली की पैसे दोनदा जातात.

आम्ही तिघांनी शेवटी तीन मऊ, बिनचाकांच्या सॅक घेतल्या. कापडी सॅक चौकटीत थोडी दाबता येते, टणक ट्रॉली दाबली जात नाही. जाड कोट अंगावर घातला, बॅगेत नाही.

परतीचं तिकीटही उघडून बघा. बॅगेचे पैसे प्रत्येक उड्डाणाचे वेगळे लागतात, आणि जाताना घेतलेली बॅग येतानाच्या तिकिटात आपोआप येत नाही.