‘वो’, ‘गा’ आणि ‘गो’ : मायेच्या हाका मारताना या चुका टाळा

आमच्या हिंगोलीहून वाशीम फार लांब नाही, पण पैनगंगेच्या पट्ट्यात गेलं की हाक बदलते. माझ्या बहिणीचं सासर तिकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा जावई घरी आले आणि ओसरीवरून आत बघत म्हणाले, “ये वो इकडं, पाणी आण.” आजी हळूच माझ्या आईला म्हणाली, “जावई बायकोला अहो म्हणायलाय की गं!” दोन दिवस घरात त्याच्यावरच हसणं चाललं होतं.

आजीचा कान चुकला नव्हता. आपल्याकडं ‘वो’ म्हणजे ‘हो’, मान देण्याचा. “बसा वो मामा”, “जेवलात का वो?” वऱ्हाडीत मात्र ‘वो’ बाईला उद्देशून येतो, प्रमाण मराठीतल्या ‘गं’च्या जागी. “काय करून राह्यली वो?” म्हणजे “काय करतेस गं?” शब्द एकच, पण एकीकडं त्यात अंतर आहे आणि दुसरीकडं लाड.

म्हणून पहिली चूक ही की नुसत्या ‘वो’वरून नातं ठरवायचं. क्रियापद ऐका. “बस वो”, “ये वो” असं एकेरी आलं की तो वऱ्हाडी ‘गं’. “बसा वो”, “या वो” असं आलं की तो आपला मानाचा. क्रियापदच नसलं की घोळ होतो. आमचे काका व्याह्यांच्या अंगणात शिरताच मोठ्यानं “काय वो?” म्हणाले, तर व्याह्यांच्या आधी चुलीपाशी बसलेल्या दोघी बायकांनी वळून पाहिलं. तेव्हापासून काका पलीकडं गेले की “काय वो, बरे आहात ना?” असं पूर्ण बोलतात. तेवढ्यानं भागतं.

‘गा’चं उलटं आहे. वऱ्हाडात “काय गा भाऊ” हे पुरुषाला म्हणतात, बरोबरीच्या माणसाला, आपुलकीनं. जुन्या मराठीतही पुरुषाला ‘अगा’ म्हणतच. पण आपल्याकडं कानाला तो ‘गं’ वाटतो, आणि चारचौघांत मिशीवाल्या माणसाला कुणी ‘गं’ म्हटल्यासारखं झालं की तो चिडतो. मोबाइलवर लिहिताना तर सूर ऐकूच येत नाही. वऱ्हाडी मित्रानं मराठवाड्यातल्या माणसाला लिहिताना ‘गा’च्या मागे ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ जोडावं, किंवा सरळ ‘रे’ म्हणावं. आपण मात्र उगाच ‘गा’ची नक्कल करू नये; आपल्या तोंडी ती टिंगल वाटते.

आता ‘माय’. मोठ्या माणसानं लहान मुलीला ‘माय’ आणि मुलाला ‘बाबा’ किंवा ‘बापा’ म्हणायचं, म्हणजे लेकरालाच आईबापाचं नाव द्यायचं, हे वऱ्हाडात आहे आणि आपल्याकडंही. प्रमाण मराठीत वाढलेल्यांना हे उमजत नाही. पुण्याकडची एक सून आमच्या शेजारी आली. सासरे म्हणाले, “माय, जरा चहा टाक.” ती आत जाऊन ऐंशी वर्षांच्या आजेसासूला उठवू लागली! ही हाक थोरल्याकडून धाकट्याकडं जाते, किंवा म्हाताऱ्या बाईला आदरानं जाते. पोरानं आपल्या वयाच्या पोरीला “काय माय” म्हटलं की ती चेष्टा होते.

‘पोट्टा-पोट्टी’ हे वऱ्हाडात पोरासोरांना सहज म्हणतात. स्वतःच्या लेकीला “आमची पोट्टी” म्हटलेलं गोड लागतं. दुसऱ्याच्या लग्नाच्या मुलीला म्हटलं की सोयरीक बिघडायला तेवढं पुरतं. तिथं ‘मुलगी’च म्हणावं, नाहीतर ‘लेक’.

कोकणातली मालवणी आपल्या कानाला आणखी लांबची. तिकडं बाईला ‘गो’. “कशी आसस गो बाय?” यातली ‘बाय’ म्हणजे लाडकी पोर. प्रमाण मराठीत ‘बाई’ म्हटलं की शाळेतल्या बाई आठवतात, आपल्याकडं कित्येक घरांत आईलाच ‘बाई’ म्हणतात, आणि मोबाइलवर नुसतं ‘बाय’ आलं की निरोप घेतल्यासारखं वाटतं. माझ्या मावसबहिणीला कुडाळच्या सासूबाईंनी पहिला निरोप पाठवला, “जेवलंस बाय”. तिला वाटलं, विचारलं आणि लगेच निघूनही गेल्या. मागे ‘गो’ असता, किंवा शेवटी प्रश्नचिन्ह असतं, तर बहीण तासभर रुसली नसती.

आणि ‘मेल्या’. मालवणी आजी नातवाला “मेल्या, खंय होतंस?” म्हणते तेव्हा तिच्या हातात त्याच्यासाठी खोबऱ्याची वडी असते. आपल्याकडं पाळण्यातल्या लेकराला पाहुण्यानं असं म्हटलं तर घरातली म्हातारी आधी मीठमोहऱ्या आणते, मग पाहुण्याला चहा विचारते.