एक्झिक्युटिव्ह समरी लिहिताना या चुका टाळा: निर्णय दुसऱ्या पानावर ढकलू नका

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात देखभाल विभागाचे अहवाल मी लिहितो. बॉयलरच्या पाण्यावरचा आमचा एक अहवाल ३८ पानांचा झाला होता. मागणी एकच होती, बॉयलरच्या नळ्यांवर क्षाराचा थर बसू नये म्हणून बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवायचा. समरीची सुरुवात मी अशी केली होती:

> सोलापूर शहर टेरी टॉवेल व चादरींसाठी प्रसिद्ध असून आपल्या प्रक्रिया विभागाला वाफेची सतत गरज भासते. प्रस्तुत अहवालात पाण्यातील क्षारांचे परिणाम, उपलब्ध पर्याय व खर्च यांचा आढावा घेतला आहे.

साहेबांनी कडेला लिहिलं, ‘चर्चा करू’. चर्चेला वेळ मिळेपर्यंत कोटेशनची ३० दिवसांची मुदत संपली आणि नवं कोटेशन मागवावं लागलं. साहेबांनी समरी वाचली नव्हती असं नाही. तिच्यात त्यांच्याकडून काय हवंय हेच लिहिलं नव्हतं, मग त्यांनी मंजूर तरी काय करायचं?

पहिली चूक: वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं आधी सांगणं

सोलापुरात टॉवेल बनतात हे सांगायची साहेबांना गरज नव्हती. पार्श्वभूमी अहवालात असावी, समरीत फक्त निर्णयाला लागेल तेवढीच. माझं दुसरं वाक्य तर त्याहून वाया गेलेलं होतं. ‘आढावा घेतला आहे’, ‘चर्चा केली आहे’, ‘विश्लेषण केले आहे’ ही अनुक्रमणिकेची भाषा. आढाव्यातून काय निघालं ते लिहायचं. असं क्रियापद समरीत दिसलं की तिथे निष्कर्ष राहून गेलाय असं समजा.

तीच समरी नंतर अशी लिहिली:

> बॉयलरसाठी सॉफ्टनर प्लांट खरेदीस ६.४ लाख रुपयांची (जीएसटी वगळून) मंजुरी २० तारखेपर्यंत मिळावी. त्यानंतर कोटेशनचा दर राहणार नाही. नळ्यांवर क्षाराचा थर बसल्याने चिमणीतील वायूचे तापमान १८० वरून २३५ अंश सेल्सिअसवर गेले आहे, म्हणजे इंधनाची उष्णता पाण्याला न मिळता बाहेर जात आहे. प्लांटमुळे इंधनात महिना ४६ हजारांची बचत अपेक्षित आहे. मीठ व देखभालीचा ६ हजार खर्च वजा जाता निव्वळ ४० हजार, म्हणजे सुमारे १६ महिन्यांत वसुली. नळ्या फक्त साफ करून घेणे स्वस्त आहे, पण पाणी तेच राहिल्याने थर पुन्हा बसेल.

पहिल्याच वाक्यात काय हवंय, किती पैसे आणि कधीपर्यंत हे आलं. मग पुरावा एकच, पण सर्वांत बोलका. अहवालात पाण्याच्या तपासणीचे चार तक्ते होते. ते तिथेच राहू दिले. न निवडलेला पर्याय एका वाक्यात येतो, कारण ‘नळ्या नुसत्या साफ करून भागणार नाही का?’ हा प्रश्न वरिष्ठ विचारणारच.

भीतीपोटी मोघम लिहिणं

‘सॉफ्टनर बसविण्याबाबत विचार व्हावा’ असं लिहिलं की वरिष्ठ विचारच करत बसतात. आपल्याला पूर्ण खात्री नसते म्हणून हात असा आखडतो, हे मी समजू शकतो. पण शंका असेल तर नेमकी कशाबद्दल ते लिहा: ‘बचतीचा अंदाज तीन महिन्यांच्या इंधन नोंदींवर आधारित आहे, उत्पादन घटल्यास वसुली लांबेल.’ शंका उघड मांडली तरी मागणी ठाम राहते. खात्री अगदीच नसेल तर छोटा निर्णय मागा, ‘महिनाभराच्या चाचणीस मंजुरी मिळावी’. तोही निर्णयच.

समरीतला आकडा आणि आतला आकडा वेगळा

ही चूक सर्वांत महागात पडते. समरी आधी लिहून ठेवायची सवय असेल तर ती होतेच. आमच्याकडे समरीत आधी नुसते ६.४ लाख होते आणि पान २७ वरच्या तक्त्यात ७.५५ लाख. दोन्ही बरोबर, एकात १८ टक्के जीएसटी धरलेला, दुसऱ्यात नाही. पण अकाउंट्सने पहिला फोन त्यावरच केला, आणि मग बचतीच्या आकड्यावरही शंका आली. म्हणून समरी शेवटी लिहायची आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे अहवालातला पान क्रमांक पेन्सिलीने टाकायचा. ज्या आकड्याला पान सापडत नाही, तो समरीतून काढायचा किंवा आत घालायचा.

पाठवण्याआधी मी ती समरी स्टोअरच्या सहकाऱ्याला मोबाइलवर एक मिनिट वाचायला दिली आणि परत मागून घेतली. मग विचारलं, ‘साहेबांनी काय करायचं, किती रुपयांचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय?’ पहिल्या तिन्हींची उत्तरं आली. चौथ्याला तो अडला, ‘नळ्या पुन्हा खराब होतील बहुतेक’ म्हणाला. तेव्हा मी शेवटी एक वाक्य जोडलं: ‘प्लांट बसेपर्यंत महिना सुमारे ४६ हजारांचे जादा इंधन जळत राहील.’